मधला माणूस शोधताना

लिंक्डइनवर कोणाचेही प्रोफाइल उघडले की नावाशेजारी बारीक अक्षरांत 1st, 2nd किंवा 3rd असे लिहिलेले दिसते. पाहणारा आणि ती व्यक्ती यांच्यामध्ये किती ओळखींचे अंतर आहे, ते हा आकडा सांगतो. एकाने पाठवलेली रिक्वेस्ट दुसऱ्याने स्वीकारली की दोघे एकमेकांचे 1st होतात. 1st माणसाच्या यादीत असलेला, पण आपल्या यादीत नसलेला माणूस 2nd. त्या 2nd माणसाच्या यादीतला आणि आधीच्या दोन्ही वर्तुळांत न सापडणारा तो 3rd. शोध घेताना जी चाळणी लावता येते तिच्यात शेवटचा पर्याय 3rd+ असा असतो, म्हणजे तिसरी पायरी आणि तिच्या पलीकडचे सगळे एकाच पोत्यात. नुसते Follow केल्याने ही पायरी बदलत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला लाखो लोक फॉलो करत असले, तरी त्यांतले बहुतेक त्याच्यापासून पूर्वी होते तितकेच दूर राहतात.

या आकड्यांमागची कल्पना लिंक्डइनपेक्षा जुनी आहे. 1997 साली अमेरिकेत सिक्सडिग्रीज नावाची वेबसाइट निघाली होती. लोकांनी आपापले ओळखीचे नोंदवायचे आणि त्यांतून साखळ्या जुळवायच्या, हे तिचे सूत्र होते. ती बंद पडल्यावर तिचे पेटंट 2003 मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस या दोघांनी सात लाख डॉलरला विकत घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लिंक्डइन सुरू झाले. सुरुवातीच्या काळात तिथे ओळख करून देण्याची विनंती एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकवण्याची खास सोय होती. पुढे ती काढून टाकली गेली. आज प्लॅटफॉर्म रस्ता दाखवतो, पण चालायचे काम माणसालाच करावे लागते.

अंतर मोजण्याचे गणित सोपे असले तरी आकडे झपाट्याने फुगतात. एखाद्याच्या यादीत 400 जण आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या यादीतही सुमारे 400 आहेत असे धरले, तर दुसऱ्या पायरीवर 1,60,000 नावे होतात. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी तीच ती असतात, कारण एकाच कॉलेजातले किंवा एकाच कंपनीतले लोक एकमेकांच्याच याद्यांत असतात. तरीही तिसऱ्या पायरीवर संख्या लाखांच्या पुढे सहज जाते. म्हणून एका टोकापासून सगळे जाळे धुंडाळण्यापेक्षा दोन्ही टोकांच्या याद्या समोरासमोर ठेवून त्यांत सामाईक कोण आहे ते पाहणे फार स्वस्त पडते. दोन याद्यांत एकच नाव सापडले तर अंतर दोन पायऱ्यांचे. प्रोफाइलवर Mutual connections या शब्दांपुढे जी नावे येतात ती म्हणजे दोन याद्यांतला हाच सामाईक भाग. तिथे सहसा एकदोन नावे दिसतात आणि बाकीच्यांचा नुसता आकडा असतो. त्यावर क्लिक केले की पूर्ण यादी उघडते, आणि खरे काम तिथूनच सुरू होते. वर दिसणारी एकदोन नावे प्लॅटफॉर्मने निवडलेली असतात. मध्यस्थ म्हणून तीच सर्वांत योग्य असतील असे मानण्याचे कारण नाही.

हा आकडा नेमके काय मोजतो? कधीतरी कोणीतरी एक बटण दाबले, एवढेच. सख्खा भाऊ 1st असतो आणि दहा वर्षांपूर्वी एखाद्या प्रदर्शनात व्हिजिटिंग कार्ड दिलेला, आता चेहराही न आठवणारा माणूसही 1st असतो. आलेली प्रत्येक रिक्वेस्ट स्वीकारायची ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. नोकरभरतीतले सल्लागार, विमा विकणारे, प्रशिक्षण वर्ग चालवणारे यांच्या याद्या हजारोंच्या असतात. लिंक्डइनवर 1st ओळखींची कमाल मर्यादा 30,000 आहे. पण प्रोफाइलवर 500 च्या पुढे सगळ्यांना एकच शिक्का, 500+. त्यामुळे 600 जणांना खरोखर ओळखणारा आणि 20,000 जणांना गोळा केलेला, हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात.

सर्वांत जवळचा रस्ता आणि सर्वांत उबदार रस्ता यांत इथे फरक पडतो. मधल्या माणसाला दोन टोके असतात. एक टोक विचारणाऱ्याकडे: हा माणूस आपल्यासाठी चार शब्द लिहील का? दुसरे टोक ज्याला गाठायचे त्याच्याकडे: याने लिहिलेले तो वाचेल का? दोन्ही टोके घट्ट असतील तरच ओळख पुढे पोचते. एक घट्ट आणि दुसरे सैल असेल तर सैल टोकच निकाल ठरवते. लग्नाचे स्थळ सुचवणाऱ्या मावशींबद्दल घरातली जुनी माणसे हाच प्रश्न विचारत: आपल्याकडे त्यांचे येणेजाणे आहे हे ठाऊक आहे, पण त्या घरात त्यांचा शब्द चालतो का?

समजा, मध्यस्थाने विनंती पुढे नेण्याची शक्यता दहात आठ आहे आणि समोरच्याने त्याला उत्तर देण्याची शक्यताही दहात आठ. दोन्ही मिळून शंभरात 64 वेळा काम होईल. याउलट मध्यस्थ दोघांनाही जेमतेम ओळखत असेल आणि दोन्हीकडे शक्यता दहात दोन असेल, तर शंभरात चारच वेळा. लिंक्डइनच्या लेखी हे दोन्ही रस्ते सारखेच, दोन्ही 2nd. तीन घट्ट दुव्यांचा रस्ता दहात आठच्या हिशेबाने शंभरात 51 वेळा पोचतो, म्हणजे दोन सैल दुव्यांच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त. हे आकडे केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत. सांगायचे इतकेच की दुवे मोजण्याआधी ते तोलावे लागतात.

लांबी वाढली की गळती वाढते, हे मात्र प्रयोगांतून दिसलेले आहे. स्टॅनले मिलग्रॅम आणि जेफ्री ट्रॅव्हर्स यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 296 लोकांना बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत कागदपत्रांचे पाकीट पोचवायला सांगितले होते. अट अशी की ते फक्त ओळखीच्या माणसामार्फत पुढे जावे. पोचलेल्या साखळ्यांत मधली माणसे सरासरी पाचाच्या थोडी वर निघाली, आणि ‘सहा पायऱ्यांचे जग’ हे वाक्य त्यामुळे जगभर पसरले. पण 296 पैकी 64 पाकिटेच पोचली, हे सहसा कोणी सांगत नाही. 2003 मध्ये डॉड्स, मुहम्मद आणि वॉट्स यांनी हाच प्रयोग ईमेलवर केला. सुरू झालेल्या 24,000 हून अधिक साखळ्यांपैकी 384 पूर्ण झाल्या. बाकीच्यांत रस्ता नव्हता असे नाही. मधल्या कोणीतरी ईमेल पुढे पाठवण्याची तसदी घेतली नाही. शिवाय पोचलेल्या साखळ्या ‘सगळ्यांना ओळखणाऱ्या’ बड्या माणसांवर अवलंबून नव्हत्या. कामाच्या निमित्ताने झालेल्या, फार जवळच्या नसलेल्या ओळखी त्यांत जास्त होत्या.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या निबंधात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले होते की जागेची खबर कोणाकडून आणि किती तोंडांतून आली. सुमारे 39 टक्क्यांना ती थेट मालकाकडूनच, म्हणजे आधी ओळखत असलेल्या माणसाकडून, कळली होती. सुमारे 45 टक्क्यांच्या बाबतीत मध्ये एकच जण होता. दोनांपेक्षा जास्त मध्यस्थ असलेले जेमतेम तीन टक्के. व्यवहारात उपयोगी पडणारा रस्ता एका मध्यस्थाचा, फार तर दोघांचा. लिंक्डइनने आपला आकडा तिसऱ्या पायरीवर थांबवला आहे ते वापरणाऱ्याच्या दृष्टीने म्हणूनच रास्त आहे.

आता एक कल्पित उदाहरण तपशिलात पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका घराण्याची फाउंड्री आहे आणि तिची विक्री आता मुलगी पाहते. चाकणच्या एका गिअरबॉक्स कंपनीत कास्टिंगची खरेदी पाहणाऱ्या सोर्सिंग प्रमुखाला तिला भेटायचे आहे. प्रोफाइल उघडल्यावर 2nd दिसते आणि सामाईक ओळखीचे तीन जण निघतात. पहिला पुण्यातला नोकरभरती सल्लागार. दुसरा पिग आयर्नचा व्यापारी, ज्याच्याकडून फाउंड्री वर्षानुवर्षे माल घेते. तिसरा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला तिचा सीनियर.

सल्लागाराशी तिचे कधी बोलणे झालेले नाही. रिक्वेस्ट त्यानेच पाठवली होती. सोर्सिंग प्रमुखाशीही त्याचे तसेच असणार. दोन्ही टोके सैल, म्हणून त्याचे नाव लगेच बाजूला पडते. व्यापाऱ्याचे तिच्याकडचे टोक घट्ट आहे, फोन लावला की तो उचलणार. पण चाकणची कंपनी तयार कास्टिंग घेते, पिग आयर्न नव्हे. म्हणजे त्याचा तिथे धंद्याचा संबंध काय, ते प्रोफाइलवरून कळत नाही. ते त्यालाच विचारावे लागेल. सीनियरचे प्रोफाइल मात्र बरेच बोलते. तो 2015 ते 2019 त्याच कंपनीत होता, सोर्सिंग प्रमुखही त्या काळात तिथेच होता आणि दोघांचाही विभाग खरेदीचाच. एका कंपनीत असणे हा पुरावा अपुरा असतो, कारण मोठ्या कंपनीत हजारो माणसे असतात. वर्षे, गाव आणि विभाग तिन्ही जुळले तर ओळख खरी असण्याची शक्यता बरीच वाढते. एकमेकांसाठी लिहिलेली शिफारस किंवा एकमेकांच्या पोस्टखालचे नावाने हाक मारून केलेले शेरे हा त्याहून पक्का पुरावा.

म्हणून ती आधी सीनियरला लिहिते, तेही लिंक्डइनवर नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण आपल्याकडे कामाचा निरोप तिथेच लवकर वाचला जातो:

“दादा, नमस्कार. चाकणच्या कंपनीचे सोर्सिंग प्रमुख तुमच्या लिंक्डइन यादीत दिसले. फाउंड्रीच्या कामासाठी त्यांना भेटायचे आहे. तुमची त्यांच्याशी बोलण्याइतकी ओळख आहे का? असेल तर दोन ओळी लिहून पाठवते, त्या पुढे पाठवल्या तरी पुरे. अडचणीचे वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा.”

या निरोपात ओळख करून द्या असे थेट म्हटलेले नाही. आधी ओळख कितपत आहे ते विचारले आहे आणि नाही म्हणायला जागा ठेवली आहे. ही जागा नसेल तर मध्यस्थ भिडेपोटी हो म्हणतो आणि पुढे काहीच करत नाही, आणि ते नकारापेक्षा वाईट, कारण विचारणारा आठवडेच्या आठवडे वाट पाहत राहतो.

सीनियरचे उत्तर येते: त्या साहेबांशी आपले शेवटी फारसे पटत नव्हते, आपले नाव घेतलेस तर नुकसानच होईल, पण सप्लायर क्वालिटीतला एक इंजिनियर आपल्या हाताखाली तयार झाला आहे आणि नव्या फाउंड्रीची तपासणी तोच करतो, त्याला सांगतो. पडद्यावर सर्वांत भक्कम दिसणारा दुवा प्रत्यक्षात उलट दिशेने ओढणारा होता, आणि हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते. नवा रस्ता एका पायरीने लांब आहे: ती, सीनियर, इंजिनियर आणि मग सोर्सिंग प्रमुख. पण त्याचा प्रत्येक दुवा कामातून आलेला आहे, आणि शेवटचा दुवा तर रोज एकाच मजल्यावर बसणाऱ्यांचा.

पुढे पाठवायचा मजकूर ती वेगळा लिहिते, जेणेकरून सीनियरला त्यात एक अक्षरही बदलावे लागू नये: “शिरोलीत आमची ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची फाउंड्री आहे. पाच ते चाळीस किलोंची कास्टिंग मशिनिंग करून देतो. गिअरबॉक्स हाउसिंगसाठी नवा पुरवठादार पाहत असाल तर नमुना आणि मटेरियल रिपोर्ट घेऊन पंधरा मिनिटांसाठी चाकणला येऊ शकते.” वाचणाऱ्याला हे आपल्या कामाचे आहे की नाही, ते एका दमात कळते. कंपनीचा इतिहास, आजोबांनी केलेली सुरुवात, मिळालेले पुरस्कार हे सगळे भेटीत सांगता येते. इंजिनियरने हो म्हटल्याशिवाय सीनियर त्याचा नंबर देत नाही, हेही योग्यच. दोन्हीकडची संमती घेऊन झालेली ओळख टिकते.

गाठायचा माणूस मुळातच 3rd असेल तर सामाईक नावे दिसत नाहीत, कारण मध्ये एक नाही तर दोन माणसे आहेत आणि त्यांच्या असंख्य जोड्या असू शकतात. अशा वेळी त्या माणसाला सोडून त्याच्या आसपास शोधावे. लोकांच्या शोधात कंपनीचे नाव टाकायचे आणि चाळणीत फक्त 2nd ठेवायचे. समोर येतात ते त्याचे सहकारी, आणि त्या प्रत्येकाखाली आपल्या बाजूचा मधला माणूस कोण तेही दिसते. आता जे तिथे आहेत त्यांच्याबरोबर, पूर्वी तिथे असलेलेही पाहावेत. कंपनी सोडलेल्या माणसाला आतली माहिती असते आणि बोलायला संकोच कमी. दुसरी वाट Connections of या चाळणीची. तिथे आपल्या एखाद्या 1st माणसाचे नाव टाकले की त्याच्या यादीत शोधता येते. उमेदवाराचे कॉलेज, जुनी कंपनी किंवा गाव त्या शोधाला जोडले की याद्या आटोपशीर होतात. फुकटच्या खात्यावर अशा शोधांना महिन्याची मर्यादा आहे. ती गाठली की निकाल आखडते येतात आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा मोकळे होतात.

ही दुसरी वाट कधीकधी बंद असते. आपली ओळखींची यादी इतरांना दिसावी की नाही हे प्रत्येकाला सेटिंगमध्ये ठरवता येते, आणि खरेदी किंवा विक्रीत काम करणारे अनेक जण ती लपवून ठेवतात, नाहीतर स्पर्धकाला आयती गिऱ्हाईकांची यादी मिळायची. मात्र यादी लपवली तरी दोघांना सामाईक असलेली नावे दिसत राहतात. त्यामुळे 2nd माणसाचा मध्यस्थ सापडतो. 1st माणसाच्या यादीत मनसोक्त फिरणे तेवढे जमत नाही.

सामाईक ओळखींची संख्या किती असावी, यावरही लिंक्डइनच्याच माहितीवर मोठे संशोधन झाले आहे. 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दोन कोटी वापरकर्त्यांचा पाच वर्षांचा काळ तपासला होता. दोघांना सामाईक ओळखी किती यावरून दुव्याचा घट्टपणा मोजला. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरले ते मध्यम सैल दुवे. अगदी घट्टही नाहीत आणि अगदी नावापुरतेही नाहीत. मध्यस्थ निवडताना हे असे वापरता येते: जो माणूस आपल्याच वर्तुळात पूर्ण बुडालेला आहे त्याच्याकडे आपल्याला ठाऊक असलेलीच माणसे असतात, आणि ज्याच्याशी एकच सामाईक नाव आहे तो बहुधा कोणाचाच नसतो. गाठायच्या माणसाशी मात्र तीसचाळीस सामाईक नावे निघाली तर तो आपल्याच धंद्याच्या गोतावळ्यातला समजावा. तिथे मध्यस्थाला तसदी देण्यापेक्षा दोघांना माहीत असलेल्या एखाद्या कामाचा उल्लेख करून थेट रिक्वेस्ट पाठवणे सरळ पडते.

मध्यस्थाला एका वेळी एकाच माणसाबद्दल विचारावे आणि तिघांना एकाच दिवशी विचारू नये. तिन्ही निरोप एकाच टेबलावर पोचले तर समोरच्याला ती ओळख वाटत नाही, मोहीम वाटते. आठवडाभर उत्तर नसेल तर एकदा आठवण द्यावी आणि मग दुसऱ्या रस्त्याकडे वळावे. भेट झाली किंवा नाही झाली, तरी मध्यस्थाला दोन ओळींत कळवावे. शिरोलीच्या उदाहरणात इंजिनियरकडे शब्द टाकणाऱ्या सीनियरला निकाल कळला नाही, तर पुढच्या वेळी तो हात आखडता घेईल.

इंजिनियरने तिची रिक्वेस्ट स्वीकारली की तो 1st होतो आणि त्याच क्षणी त्याच्या यादीतले सगळे तिचे 2nd होतात. सोर्सिंग प्रमुखाच्या प्रोफाइलवर आता तीनऐवजी चार सामाईक नावे दिसतील. कालपर्यंत 3rd दिसणारे त्या कंपनीतले अनेक जण जवळ आलेले असतील, म्हणून आधी करून ठेवलेला शोध जुना समजून तो अशा प्रत्येक नव्या ओळखीनंतर पुन्हा करावा लागतो.